पाचवे माप



जमिनीचा एक तुकडा आहे. चार बाजू चार वेगळ्या लांबीच्या, आणि एकही कोपरा काटकोनात नाही. हातात टेप आहे आणि क्षेत्रफळ काढायचे आहे. या एवढ्याशा प्रश्नावर आज बोलणार आहे, कारण तो विचारला जातो तेव्हा बहुतेक वेळा खरेदीखत समोर असते, भावाभावांत वाटणी चाललेली असते, किंवा कुणी आयुष्याची कमाई गुंठ्याच्या भावाने मोजून देणार असतो. माझे म्हणणे असे आहे की, कडेकडेने घेतलेली मापे कितीही काटेकोर असली तरी तेवढ्यावर चौकोनी जागेचे क्षेत्रफळ ठरतच नाही. ते ठरते आतून, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घेतलेल्या मापाने. त्या कर्णाने जागेचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याच्याबद्दल शंकेला जागा उरत नाही.

मोजायला एक तुकडा समोर ठेवू. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणू. अब ही बाजू ४२ मीटर, बक ४५, कड २५ आणि डअ ३४. गावोगावी अशा तुकड्याचा हिशेब एकाच रीतीने होतो. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ४२ आणि २५ यांची सरासरी साडेतेहेतीस, ४५ आणि ३४ यांची साडेएकोणचाळीस. गुणाकार १३२३ चौरस मीटर आणि वर थोडे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे तुकडा १३ गुंठ्यांहून किंचित जास्त भरला. हा आकडा चुकीचा आहे, आणि तो कोणत्या दिशेने चुकणार हे टेप काढण्याआधीच सांगता येते. ही रीत नेहमी जास्तच क्षेत्रफळ दाखवते. तिच्याकडून कमी कधीच येत नाही.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे आणि अवघडही नाही. त्रिकोणाच्या दोन बाजू ठरलेल्या असतील, तर त्याचे क्षेत्रफळ त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून मोठे होऊ शकत नाही. बरोबर निम्मे होते ते त्या दोन बाजूंमध्ये काटकोन असेल तेव्हाच. आता आपला तुकडा अक या कर्णावर कापा. दोन त्रिकोण मिळाले. त्यांची बेरीज अब गुणिले बक आणि कड गुणिले डअ यांच्या बेरजेच्या निम्म्यापलीकडे जाणार नाही. आपल्या आकड्यांत ही मर्यादा १३७० चौरस मीटर येते. तोच तुकडा बड या दुसऱ्या कर्णावर कापला की दुसरी मर्यादा मिळते, १२७६.५. या दोन मर्यादांची सरासरी काढून पाहा. ती बरोबर १३२३.२५ येते. म्हणजे सरासरीची रीत ज्याला क्षेत्रफळ म्हणते ती खरे तर दोन कमाल मर्यादांची सरासरी आहे. चारही कोपरे काटकोनात असतील तरच जमीन तिथपर्यंत पोहोचते.

यावर व्यवहारातला माणूस म्हणेल की, पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत चालत आली, देणारा आणि घेणारा दोघेही ती मानतात, मग बिघडले कुठे? या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. कोपरे काटकोनाच्या जवळपास असतील तर चूक फार लहान असते. समोरासमोरच्या बाजू समान असलेला तुकडा पाच अंशांनी कलला तर क्षेत्रफळात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. पण वीस अंशांनी कलला की सहा टक्के जातात, आणि तीस अंशांनी कलला की तेरा टक्क्यांहून जास्त. शिवाय चूक एकाच बाजूची असल्यामुळे दोघांनी रीत मान्य केली तरी तोटा दोघांत वाटला जात नाही. प्रत्येक वेळी तो विकत घेणाऱ्याच्या पदरात पडतो, आणि वाटणीत ज्याच्या वाट्याला जास्त तिरका तुकडा येतो त्याच्या.

मग चार बाजूंवरून खरे क्षेत्रफळ काढायचे दुसरे काही सूत्र नाही का? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात सरासरीची रीत दिली आणि तिला स्थूल म्हटले. सूक्ष्म फळासाठी त्याने वेगळा नियम दिला. चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे घ्यायचे, त्यातून एकेक बाजू वजा करायची, उरलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. आपल्या तुकड्याला हा नियम लावला तर निम्मी बेरीज ७३. वजाबाक्या ३१, २८, ४८ आणि ३९. गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे १२७५. आज आपल्याला माहीत आहे की या चार बाजूंनी वेढता येईल असे हे जास्तीत जास्त क्षेत्रफळ आहे, आणि ते चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात तेव्हाच मिळते. म्हणजे सरासरीच्या रीतीने काढलेले १३२३ चौरस मीटर हे या चार बाजूंच्या कोणत्याही तुकड्याचे क्षेत्रफळ असूच शकत नाही. हा तुकडा कसाही वळवा, तेवढी जागा त्यात मावत नाही.

पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत या प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवले. चाळीसगावजवळ पाटण येथे ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, तेच हे भास्कराचार्य. बाजूंवरून वर्गमूळ काढण्याचा नियम देताना त्यांनी सांगितले की चौकोनात त्याचे फळ अस्फुट असते आणि त्रिकोणात मात्र स्पष्ट. त्यापुढे जाऊन, कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजू देऊन जो चौकोनाचे निश्चित फळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच ठरवला. शब्द कडक आहेत, पण त्यामागचे गणित पक्के आहे. चार पट्ट्या टोकांशी एकेका खिळ्याने जोडून चौकट केली तर ती हाताने दाबताच कलते. पट्ट्यांची लांबी तीच राहते आणि आतली जागा बदलते. तीन पट्ट्यांची चौकट हलत नाही.

आपल्या तुकड्यावर हे आकड्यांनी पाहू. बाजू त्याच, फक्त अक हा कर्ण बदलत जाऊ. कर्ण ३० मीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ९७३ चौरस मीटर येते. कर्ण ३९ असेल तर ११७६. कर्ण ५० असेल तर १२७३ च्या वर. कुंपणाचा खर्च तिन्हींत तोच, कडेने फिरलेल्या माणसाच्या वहीतली चार मापे तीच, आणि जमिनीत तीन गुंठ्यांचा फरक. म्हणून या चार मापांना पाचवे माप जोडले नाही तर वहीत क्षेत्रफळ आलेलेच नसते. तुकड्याला पाच कोपरे असतील तर बाजू पाच आणि आतली मापे दोन. सहा असतील तर आतली तीन. कोपरे जितके, त्यात तीन कमी इतकी आतली मापे लागतात. त्यापेक्षा कमी मापांत काम होत नाही.

प्रत्यक्ष जागेवर अक हा कर्ण ३९ मीटर भरला असे धरू. पहिला त्रिकोण ४२, ४५, ३९ यांचा. बेरीज १२६, निम्मी ६३. त्यातून एकेक बाजू वजा केली की २१, १८ आणि २४ उरतात. ६३, २१, १८ आणि २४ यांचा गुणाकार ५,७१,५३६, आणि त्याचे वर्गमूळ ७५६. दुसरा त्रिकोण २५, ३४, ३९ यांचा. निम्मी बेरीज ४९, वजाबाक्या २४, १५ आणि १०, गुणाकार १,७६,४००, वर्गमूळ ४२०. दोन्ही मिळून ११७६ चौरस मीटर, म्हणजे ११ गुंठे आणि वर सुमारे ६३ चौरस मीटर. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने शाळेत शिकवले जाणारे सूत्र ते हेच. सरासरीच्या रीतीने आलेल्या आकड्यात आणि यात जवळपास दीड गुंठ्याचा फरक आहे.

आता हे उत्तर तरी खरे कशावरून? पाच मापांत एखादे चुकीचे वाचले गेले असेल, ३४ च्या जागी ४३ लिहिले गेले असेल, तरी सूत्र कुरकुर न करता काहीतरी आकडा देतेच. पाच मापांना एकमेकांची तपासणी करता येत नाही, कारण ती जेमतेम पुरेशी आहेत. त्यासाठी सहावे माप लागते, म्हणजे दुसरा कर्ण बड. पाच मापांवरून तो आधी काढता येतो. हिशेब थोडा लांबतो, पण कागदावर प्रमाणात आकृती काढली तरी तो मोजून मिळतो. आपल्या तुकड्यात तो ६१.१६ मीटर यायला हवा. जागेवर टेप लावल्यावर पाच-दहा सेंटिमीटरच्या आत जुळला तर मापे विश्वासाची आहेत. अर्धा-एक मीटर फरक पडला तर चूक कुठेतरी नक्की आहे, आणि सहाही मापे पुन्हा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. फरक सरासरीत बुडवण्याची सवय मला घातक वाटते, कारण चुकलेले माप सरासरीत गेले तरी चुकलेलेच राहते.

मात्र सगळ्या मापांत सारखीच शिरलेली चूक या सहाव्या मापालाही दिसत नाही. टेप ताणून सैल झाला असेल आणि शंभरात एक मीटर खोटा दाखवत असेल, तर सहाही मापे आपसांत सुरेख जुळतील आणि क्षेत्रफळ दोन टक्के चुकेल. उताराचेही असेच. नोंदीतले क्षेत्रफळ सपाट धरलेले असते, आडव्या अंतरांवरचे. कोकणात किंवा डोंगरउतारावर पाच मीटरला एक मीटर चढ असेल तर जमिनीला टेकवून घेतलेला टेप उताराच्या दिशेने दर दहा मीटरला वीस सेंटिमीटर जास्त दाखवतो. यावरचा उपाय जुना आहे. टेप आडवा ताणून धरायचा, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा, आणि पायरी-पायरीने माप पुढे न्यायचे.

त्रिकोण केले की झाले, असेही नाही. त्रिकोण कसा आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. आपल्या पहिल्या त्रिकोणात कर्णाचे माप दहा सेंटिमीटरने चुकले तर ७५६ चौरस मीटरमध्ये दीड चौरस मीटरचा फरक पडतो, तो सोडून देण्याजोगा. आता रस्त्याकडेची एक निमुळती पट्टी घ्या, बाजू ५०, ३० आणि २०.५ मीटर. तिचे क्षेत्रफळ ८७ चौरस मीटर. यातली लांब बाजू दहा सेंटिमीटरने जास्त, ५०.१० वाचली गेली, तर उत्तर ७८ येते. नऊ चौरस मीटर गेले, दहातला एक भाग. आणि तीच बाजू ५०.५० लिहिली गेली तर क्षेत्रफळ शून्य होते, कारण दोन लहान बाजूंची बेरीजही तेवढीच आहे. चपट्या त्रिकोणात सूत्राचा दोष नसतो. त्याची अगदी कमी उंची तीन लांब मापांच्या बारीकशा फरकातून निघत असते, आणि टेपची चूक त्या फरकाच्या मानाने मोठी असते. म्हणून दोन कर्णांपैकी निवड करायची असेल तर बहुधा आखूड कर्ण घ्यावा, कारण त्याने होणारे त्रिकोण जास्त भरीव असतात. आपल्या तुकड्यात अक वरून हिशेब केला तर कर्णातल्या दहा सेंटिमीटरच्या चुकीने पावणेदोन चौरस मीटर हलतात, बड वरून केला तर अडीचहून जास्त.

इथे एक रास्त शंका येते. त्रिकोणच करायचे तर पाया गुणिले उंची भागिले दोन हे सोपे सूत्र सोडून वर्गमुळांच्या मागे का लागायचे? चपट्या पट्टीसाठी मी स्वतः उंचीच घ्यावी असे म्हणेन. पन्नास मीटरच्या बाजूवर दोरी ताणून समोरच्या कोपऱ्यापासून टेप फिरवला आणि सर्वांत कमी भरेल ते माप घेतले, तर साडेतीन मीटरच्या आसपासची ती उंची काही सेंटिमीटरच्या आत सहज मिळते. टेप नेमका काटकोनात आहे की नाही याची फार चिंताही करावी लागत नाही, कारण कमीतकमी अंतराच्या आसपास टेप थोडा इकडेतिकडे झाला तरी माप जवळपास तेच राहते. पण भरीव त्रिकोणांत मला बाजूंची मापे जास्त मोलाची वाटतात, आणि त्याचे कारण गणितातले नाही. बाजू आणि कर्ण दोन्ही दगडापासून दगडापर्यंत, म्हणजे जागेवर टिकणाऱ्या खुणांपासून खुणांपर्यंत असतात. दहा वर्षांनी वाद झाला तर कुणीही येऊन तेच अंतर पुन्हा मोजू शकतो. लंबाचा पाय कुठे पडला होता याची जमिनीवर काही खूण राहत नाही.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. मध्ये घर आहे, विहीर आहे, उसाचे उभे पीक आहे. कर्ण मोजायचा कसा? यावर कोपऱ्याशी बांधमाप घेता येते. ब या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर दहा-दहा मीटरवर खुंट्या ठोका आणि त्या दोन खुंट्यांमधले अंतर मोजा. आपल्या तुकड्यात ते ८.९४ मीटर भरेल. त्यावरून ब चा कोन निघतो, आणि कोनावरून कर्ण ३९ मीटर. पण सावध राहिले पाहिजे. खुंट्यांमधले अंतर पाच सेंटिमीटरने चुकले तर कर्ण बावीस सेंटिमीटरने चुकतो, कारण दहा मीटरवरची चूक चाळीस-पंचेचाळीस मीटरपर्यंत पसरते. म्हणून घर-विहीर सांभाळून खुंट्या जमतील तेवढ्या दूर न्याव्यात, आणि समोरच्या ड कोपऱ्याशीही असेच माप घेऊन दोन्हींवरून निघालेले कर्ण जुळतात का ते पाहावे. तुकडा आत दबलेला असेल, एखादा कोपरा आतल्या बाजूला वळलेला असेल, तर एक कर्ण जागेच्या बाहेरून जातो. तिथे दुसरा, आतून जाणारा घ्यावा.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. मोबाइल हातात घेऊन बांधावरून फिरले की अ‍ॅप क्षेत्रफळ दाखवते; मग टेप आणि वर्गमुळे कशाला? मोबाइल कोपऱ्याची जागा उपग्रहांवरून काढतो, आणि मोकळ्या आभाळाखालीही तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. आपल्या तुकड्यातला अ हा एकच कोपरा बड या कर्णाच्या काटकोनात तीन मीटर सरकला तर क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस मीटरने बदलते. चारही कोपरे एकाच दिशेने तेवढेच सरकले तर काहीच बदलत नाही, आणि तसे बऱ्याच अंशी घडतेही; पण किती अंशी घडले हे पडद्यावर दिसत नाही. दहा एकरांच्या शेतावर कोपऱ्याच्या या चुकीचा वाटा लहान असतो, बारा गुंठ्यांवर तो फार मोठा. मोजणी खात्याची यंत्रे, ईटीएस असो वा रोव्हर, ही निराळी. ती प्रत्येक कोपऱ्याचे स्थान सेंटिमीटरांत देतात, आणि स्थाने कळली की कर्ण त्यांतच आलेला असतो. तिथे टेपने कर्ण मोजण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण मिळालेल्या नकाशावरचा एक कर्ण जागेवर टेप लावून पडताळायला मात्र सांगेन.

शेवटी वाकड्या बाजूचा प्रश्न उरतो. डअ ही बाजू नाल्याच्या काठाने जाते आणि काठ सरळ रेषेच्या बाहेर फुगलेला आहे असे धरा. ड पासून अ पर्यंत दोरी ताणायची, ३४ मीटरचे साडेआठ मीटरचे चार भाग करायचे, आणि प्रत्येक खुणेवरून काटकोनात काठापर्यंत माप घ्यायचे. दोन टोकांना शून्य, मध्ये १.२, २ आणि १.४ मीटर भरले. मधल्या तिघांची बेरीज ४.६, गुणिले साडेआठ, म्हणजे सुमारे ३९ चौरस मीटर. काठ गोलसर असल्यामुळे खरे क्षेत्र याहून एक-दोन चौरस मीटर जास्त असेल, म्हणून ४० धरू. जुन्या मोजणीत ३३ फुटी, सोळा आण्यांची साखळी मुख्य रेषेवर टाकून बाजूची वळणे याच तऱ्हेने टिपली जात. कागदावर हे दोन आकडे वेगळे लिहावेत, ११७६ त्रिकोणांचे आणि ४० काठाचे, आणि त्यांच्याशेजारी सहाही मापे. बेरजेचे १२१६ तेवढे लिहून मापे फेकून देऊ नयेत. एखाद्या पावसाळ्यात नाला काठ कापेल, तेव्हा चार कोपऱ्यांमधले ११७६ पुन्हा मोजावे लागणार नाहीत; दोरी ताणून ते ४० तेवढे नव्याने मोजले की झाले.